घरातले फोटो हललेले येतात? लेन्स बदलण्याआधी हे तपासा

पहिला कॅमेरा घेतलेल्या माणसाची महिन्याभरात हमखास एक तक्रार येते. दिवसा गच्चीवर, बागेत, समुद्रावर फोटो सुरेख येतात. पण संध्याकाळी घरात, आरतीला, बारशाला किंवा कार्यालयातल्या साखरपुड्याला काढले की हललेले, अंधारे किंवा दाणेदार. मग कोणीतरी सांगतं की कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स टाकाऊ असते, नवी घे. आमच्या छायाचित्रण मंडळात मी असे कॅमेरे सतत हातात घेतो आणि बहुतेक वेळा कॅमेराही ठणठणीत असतो आणि लेन्सही. शटर स्पीड म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडतं आणि आयएसओ म्हणजे आलेला प्रकाश किती उजळ करून घ्यायचा. या तिघांत प्रकाशाची वाटणी चुकलेली असते, एवढंच.

पुढचं सगळं साध्या सुरुवातीच्या कॅमेऱ्याला आणि सोबत येणाऱ्या १८-५५ मिलिमीटर लेन्सला धरून लिहिलं आहे. डीएसएलआर असो की मिररलेस, हिशोब तोच.

आधी लक्षण ओळखा

"फोटो ब्लर येतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण ब्लर चार-पाच प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. बिघडलेला एक फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर उघडा, डोळ्यावर किंवा चेहऱ्यावर पूर्ण मोठा करा आणि नीट बघा.

फोटोतलं सगळंच, भिंतीवरचं घड्याळसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल आणि दिव्यांना छोट्या शेपट्या आल्या असतील, तर तुमचा हात हलला आहे. घड्याळ, दाराची चौकट, सोफा स्पष्ट आहेत पण माणसांचे हात आणि चेहरे पुसट आहेत, तर हात स्थिर होता, माणसं हलली. या दोन्हींत शटर कमी पडलं आहे, पण किती वाढवायचं याचं उत्तर वेगळं आहे.

फोटोत काहीतरी लख्ख आहे पण नको ते, म्हणजे बाळाऐवजी मागचा पडदा किंवा डोळ्याऐवजी कान, तर प्रश्न फोकसचा आहे. काहीच ओढलेलं नाही, पण गालावर वाळू पसरल्यासारखे दाणे आहेत आणि रंग मळलेले आहेत, तर सेन्सरला प्रकाश कमी पडला. फोटोवर फिकट-गडद आडवे पट्टे दिसत असतील तर दिव्यांकडे संशय घ्या. आणि प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय आहे, सगळा फोटोच पांढुरका आहे, तर लेन्सच्या काचेवर काहीतरी आहे.

एकाच फोटोत दोन लक्षणं असू शकतात. अशा वेळी ओढलेपणा आधी सोडवा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा परत आणता येत नाही.

पहिली तपासणी: फोटोतले आकडे वाचा

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मं निदान इथेच होतं. फोटो स्क्रीनवर असताना INFO किंवा DISP बटण दाबा. काही कॅमेऱ्यांत वर-खाली बाण दाबावा लागतो. फोटोसोबत चार गोष्टी दिसतील: शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे झूमचा आकडा. त्या कागदावर लिहून घ्या. चांगल्या आलेल्या एका फोटोचेही आकडे शेजारी लिहा. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की कुठे घसरलं ते बऱ्याचदा लगेच दिसतं.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीने भाचीच्या बारशाचे फोटो दाखवायला आणले होते. "काका, लेन्स खराब आहे का हो? दुकानात बदलून देतील?" तिच्या फोटोतली भिंत स्पष्ट होती, पण पाळणा हलवणाऱ्या आत्याचा चेहरा आणि हात विरघळले होते. आकडे होते: शटर १/८, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ८००, फोकल लेंग्थ ५५. लेन्स अगदी ठीक होती. १/८ सेकंद शटर उघडं असताना माणसाचा हात वीतभर सरकतो. लेन्समधल्या स्टॅबिलायझरने तिच्या हाताची थरथर सावरली, म्हणून भिंत वाचली. आत्या हलतेय हे स्टॅबिलायझरला कळायचा मार्गच नाही.

हेच उदाहरण पुढे नेतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

दुसरी तपासणी: काच आणि बटणं

सेटिंग्जना हात लावण्याआधी दोन मिनिटं इथे द्या. लेन्सची पुढची काच उजेडात तिरकी धरा. बोटाचा ठसा किंवा लहान मुलाच्या हाताचं तेल असेल तर दिव्यांभोवतीचं वलय त्यामुळेच येतं. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने हलकेच पुसा. धूळ न उडवता पुसलं तर तीच धूळ काचेवर ओरखडे काढते. स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर काढून एक फोटो घ्या. कित्येकदा वलय फिल्टरबरोबरच जातं.

लेन्सच्या बाजूला एक-दोन छोटे स्विच असू शकतात. एकावर AF आणि MF असतं. तो बॅगेत घासून MF वर सरकला की कॅमेरा फोकस करतच नाही आणि सगळे फोटो सारखेच मऊ येतात. दुसरा स्टॅबिलायझरचा, तो हातात कॅमेरा असताना चालू हवा. लेन्सवर स्विच नसतील तर हे दोन्ही पर्याय मेनूत सापडतात.

तिसरी तपासणी: शटर कोणी ठरवलं?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

नवीन माणूस मोड डायल Av किंवा A वर ठेवतो, कारण अ‍ॅपर्चर शिकायला सोपं वाटतं. या मोडमध्ये अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा ठरवतो. आयएसओही तुम्ही एका आकड्याला बांधून ठेवलं असेल तर अंधारात कॅमेऱ्याच्या हातात शटर मंद करण्यापलीकडे काही उरत नाही. तो प्रामाणिकपणे १/८ करतो. फोटो पुरेसा उजळ येतो, म्हणून काही चुकलंय असं छोट्या स्क्रीनवर वाटत नाही.

म्हणून घरातल्या फोटोसाठी सुरुवात शटरपासून करा. दोन प्रश्न विचारा. माझा हात किती हलतो? समोरचं माणूस किती हलतं?

हाताचा जुना ठोकताळा असा: फोकल लेंग्थ जेवढी, सेकंदाच्या तेवढ्याव्या भागापेक्षा शटर मंद नको. आपल्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्या आकड्याला दीडने गुणायचं. ५५ वर झूम असेल तर साधारण १/८०, १८ वर असेल तर १/३०. स्टॅबिलायझर असेल तर यापेक्षा मंदही चालतं, पण ते फक्त स्थिर वस्तूंसाठी.

माणसांचा हिशोब वेगळा आणि जास्त कडक. गप्पा मारत बसलेल्या माणसांना १/१२५ पुरतं. आरतीत टाळ्या वाजवणाऱ्या हातांना १/२५० लागतं. खोलीभर धावणाऱ्या पोराला १/५०० दिलं तरी कधी कधी कमी पडतं. पोझ देऊन श्वास रोखून बसलेल्या आजोबांना मात्र १/६० वरही छान टिपता येतं. म्हणजे १/१२५ हा घरातल्या समारंभाचा किमान आकडा धरा आणि गरजेनुसार वर जा.

डायल Tv किंवा S वर, म्हणजे शटर तुम्ही ठरवायच्या मोडवर ठेवा, १/१२५ लावा आणि तोच प्रसंग पुन्हा काढा. ओढलेपणा गेला आणि फोटो अंधारा आला, तर निदान झालं: लेन्स निर्दोष आहे, प्रकाश कमी आहे. आता तो प्रकाश कुठून आणायचा एवढाच प्रश्न उरतो.

चौथी तपासणी: आयएसओ कोणी बांधून ठेवलंय?

त्या मुलीला कोणीतरी सांगितलं होतं की आयएसओ ८०० च्या वर गेलं की फोटो वाया. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि समारंभ बिघडवतो. नवशिक्याला दाण्यांची जेवढी भीती असते, तेवढी हललेल्या चेहऱ्याची असायला हवी.

दाणे मुळात येतात ते सेन्सरवर प्रकाश थोडा पडल्यामुळे. आयएसओ वाढवणं म्हणजे आलेल्या थोड्याशा प्रकाशाचा फोटो उजळ करून घेणं. त्यामुळे आयएसओ ८०० ला अडवून फोटो काळोखा काढला आणि नंतर मोबाइलवर उजळ केला, तर तेच दाणे परत येतात, बऱ्याचदा सावल्यांत अधिक घाणेरडे होऊन. अंधाऱ्या खोलीत योग्य उजेडाचा आयएसओ ३२०० चा फोटो हा उजळवलेल्या ८०० च्या फोटोपेक्षा सहसा चांगलाच दिसतो.

आजच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ३२०० निर्धास्त वापरा. ६४०० वर दाणे दिसतील, पण घरातल्या अल्बमच्या आकारात छापल्यावर किंवा फोनवर बघताना ते फारसे बोचत नाहीत. त्याच्या वर मी स्वतः नाइलाज असेल तरच जातो.

रोजच्या वापरासाठी आयएसओ ऑटोवर ठेवा आणि मेनूत त्याची कमाल मर्यादा ६४०० करा. काही कॅमेऱ्यांत Auto ISO च्या पानावरच Minimum shutter speed असाही पर्याय असतो. तिथे १/१२५ दिलंत की अ‍ॅपर्चरच्या मोडमध्येही कॅमेरा आधी आयएसओ वाढवतो आणि मर्यादा संपल्यावरच शटर मंद करतो. तुमच्या कॅमेऱ्यात हा पर्याय नसेल तर Tv किंवा S मोड आणि ऑटो आयएसओ ही जोडी तेच काम करते. मेनू उघडून एकदा लावलेली ही मर्यादा पुढचे कित्येक समारंभ वाचवते, म्हणून मी कोणाचाही कॅमेरा हातात घेतला की आधी तीच बघतो.

पाचवी तपासणी: झूममुळे प्रकाश गळतोय का?

लेन्सच्या पुढच्या कडेवर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फार जणांना माहीत नसतो. १८ वर झूम असताना ही लेन्स एफ ३.५ इतकी उघडते, ५५ वर नेलीत की एफ ५.६ च्या पुढे उघडूच शकत नाही. एफचा आकडा लहान म्हणजे छिद्र मोठं. एफ ५.६ च्या तुलनेत एफ ३.५ ला सुमारे अडीच पट प्रकाश आत येतो. म्हणजे कोपऱ्यात उभं राहून झूम करताना तुम्ही नकळत निम्म्याहून जास्त प्रकाश सोडून देता.

इलाज पायांत आहे. पुढे जा आणि झूम २४ च्या आसपास आणा. तिथे या लेन्स साधारण एफ ४ देतात. अगदी १८ वर जाऊन चेहऱ्याच्या जवळ शिरू नका, कारण नाक मोठं दिसतं आणि कडेची माणसं ताणली जातात. मुख्य माणूस मधल्या भागात ठेवा आणि दीड-दोन मीटरचं अंतर राखा.

इथे एक शंका नेहमी येते: अ‍ॅपर्चर उघडं ठेवलं तर मागच्या रांगेतली माणसं पुसट होणार नाहीत का? २४ मिलिमीटर आणि एफ ४ वर, अडीच मीटरवरच्या माणसावर फोकस केलं, तर साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटरपासून साडेतीन मीटरच्या पुढेपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दोन रांगा त्यात आरामात बसतात. किट लेन्सवर घरात काढलेल्या फोटोत अ‍ॅपर्चर उघडं ठेवल्यामुळे कोणी पुसट झालंय असं क्वचितच घडतं. तो त्रास पुढे प्राइम, म्हणजे झूम नसलेली आणि जास्त उघडणारी लेन्स घेतल्यावर सुरू होतो.

सहावी तपासणी: दिवे

खोलीतले सगळे दिवे लावा. हे सांगावं लागतं, कारण समारंभात सजावटीच्या माळा उठून दिसाव्यात म्हणून लोक ट्यूबलाइट बंद करतात. माळा डोळ्याला छान दिसतात, पण चेहऱ्यावर त्यांचा उजेड जवळजवळ काहीच पडत नाही. माणसांना दिव्याकडे तोंड करून बसवा. पाठीमागे दिवा किंवा खिडकी असेल तर कॅमेरा तो उजेड मोजून चेहरा काळा करतो.

आता बारशाचा हिशोब पूर्ण करू. आकडे होते १/८, एफ ५.६, आयएसओ ८००. आपल्याला १/१२५ हवंय, म्हणजे शटर सोळा पट जलद. एकदा दुप्पट केलं की १/१५, मग १/३०, मग १/६०, मग १/१२५. अशा चार पायऱ्या. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो, तो कुठून तरी भरून काढायचा.

पुढे जाऊन झूम ५५ वरून २४ वर आणला, एफ ५.६ चं एफ ४ झालं: एक पायरी भरली. आयएसओ ८०० वरून १६०० आणि १६०० वरून ३२००: आणखी दोन. उरलेली एक पायरी बंद असलेल्या दुसऱ्या ट्यूबलाइटने भरली, कारण एकाच्या जागी तसेच दोन दिवे म्हणजे ढोबळमानाने दुप्पट उजेड. झाले आकडे: १/१२५, एफ ४, आयएसओ ३२००. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तीच खोली. ट्यूबलाइट लावणं शक्य नसतं तर आयएसओ ६४०० केलं असतं आणि तेही चाललं असतं. कागदावर हा हिशोब दोन-चारदा केलात की समारंभात तो डोक्यात आपोआप होतो.

पट्ट्यांचं लक्षण असेल तर त्याचं मूळही दिव्यांतच आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर १/२५० किंवा त्याहून जलद असेल तर फोटोच्या एका भागात दिव्याचा प्रखर क्षण येतो आणि दुसऱ्यात मंद. अशा खोलीत शटर १/१०० वर आणा. दिव्याचं एक पूर्ण आवर्तन त्यात बसतं आणि पट्टे जातात. मिररलेसमध्ये सायलेंट म्हणजेच इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते बंद करून मेकॅनिकल लावा, त्याने पट्टे बरेच कमी होतात. कॅमेऱ्यात Anti-flicker असेल तर तेही चालू करा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी १/१२५ वापरावं, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची.

कॅमेऱ्यातला उघडता येणारा फ्लॅश हा शेवटचा उपाय. त्याने माणसं गोठतात हे खरं, पण चेहरे सपाट होतात आणि मागे कडक सावल्या पडतात. वेगळा फ्लॅश असेल तर तो पांढऱ्या छताकडे वळवून मारा, खोलीभर मऊ उजेड पसरतो.

सातवी तपासणी: फोकस कुठे पडलंय?

शटर बरोबर असूनही डोळा मऊ येत असेल तर कॅमेऱ्याला फोकसची जागा स्वतः निवडू देऊ नका. ऑटो एरियामध्ये तो बहुतेकदा सगळ्यात जवळची, ठळक कडा असलेली वस्तू धरतो. बारशाच्या फोटोंत पाळण्याला लावलेली झालर लख्ख आणि बाळ पुसट, हे यामुळेच. एकच फोकस पॉइंट निवडा, मधला घेतलात तर उत्तम, कारण कमी उजेडात डीएसएलआरचा मधला पॉइंट सगळ्यात भरवशाचा असतो. तो डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, खूण दिसली की पूर्ण दाबा. मिररलेसमध्ये चेहरा किंवा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

धावणाऱ्या मुलासाठी फोकस मोड AF-C किंवा AI Servo करा, म्हणजे कॅमेरा सतत फोकस धरत राहतो. नाहीतर अर्धं दाबलेलं बटण आणि प्रत्यक्ष फोटो यांच्या मधल्या क्षणात पोरगं एक पाऊल पुढे गेलेलं असतं.

आठवी तपासणी: वर्तमानपत्राची

इथवर सगळं केलं आणि तरी शंका आहे, तर आता लेन्सची परीक्षा घ्या. ती रात्रीच्या समारंभात घेता येत नाही. दिवसा, खिडकीजवळच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर भिंतीला समांतर ठेवा. झूम ५५, अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ १००, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, म्हणजे बटण दाबण्याचा धक्काही लागत नाही. हात, माणसाची हालचाल, अंधार हे तिन्ही संशयित इथे बाद झाले. जे उरतं ते यंत्राचं.

डीएसएलआर असेल तर एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून घ्या आणि एक लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. दोन्हीत बारीक अक्षरं वाचता येत असतील तर तुमची लेन्स चांगली आहे, परत तिसऱ्या तपासणीकडे जा. लाइव्ह व्ह्यूचा स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचा प्रत्येक वेळी मऊ आला, तर कॅमेऱ्याची फोकस यंत्रणा आणि लेन्स यांचा मेळ बिघडला आहे. पानाची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी कायम पुसट येत असेल तर कॅमेरा उलटा ठेवून पुन्हा काढा. आता पुसटपणा पानाच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर लेन्सच्या आतली काच सरकलेली आहे. पानाच्या त्याच बाजूला राहिला, तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता.

पैसे खर्च करायचेच असतील

वरचं सगळं करूनही घरातल्या फोटोंत ६४०० च्या वर जावं लागत असेल, तर ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स घ्या. एफ ५.६ च्या तुलनेत ती नऊ पटीहून जास्त प्रकाश आत घेते, म्हणजे तीन पायऱ्यांहून अधिक. आयएसओ ६४०० च्या जागी ८०० वर काम भागतं. मात्र इथे अ‍ॅपर्चरची किंमत मोजावी लागते. दोन मीटरवरच्या माणसाला एफ १.८ वर टिपताना स्पष्ट भाग जेमतेम ११ सेंटिमीटर खोल असतो. एकाच्या डोळ्यावर फोकस केलं की शेजारी थोडा मागे बसलेला भाऊ पुसट. एकट्या माणसासाठी एफ २, दोघांसाठी एफ २.८, घोळक्यासाठी एफ ४ असं धरून चाला. शिवाय छोट्या सेन्सरवर ५० ची चौकट अरुंद असते, लहान खोलीत सगळं कुटुंब त्यात मावत नाही. घर लहान असेल तर मी ३५ ची लेन्स सुचवतो.

इथे थांबा आणि सर्व्हिस सेंटर गाठा

वर्तमानपत्राच्या परीक्षेत लेन्स नापास झाली, तर घरी करण्यासारखं काही उरत नाही. लेन्स उघडू नका. आतल्या काचा फार बारीक मापाने बसवलेल्या असतात आणि एक स्क्रू ढिला केला तरी मेळ जातो.

फोकस करताना लेन्समधून खरखर ऐकू येते, फोटोचा एक पट्टा फ्लॅश नसतानाही जलद शटरला काळा येतो, किंवा स्क्रीनवर Err पुन्हा पुन्हा येतं, तेव्हाही थांबा. Err साठी एकदाच एक गोष्ट करून बघा: कॅमेरा बंद करून लेन्स काढा, मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, परत बसवा. पुन्हा आलं तर पुढे प्रयोग नको. कॅमेरा पडला किंवा पावसात भिजला असेल तर बॅटरी काढून ठेवा आणि चालू करून बघण्याचा मोह टाळा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर आणखी एक गोष्ट बघावी लागते. लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती बाहेरून पुसून जात नाही आणि वाढत राहिली तर काचेवरचा लेप खाते, म्हणून लवकर द्या. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेवली तर हा खर्च टळतो. सेन्सरवर डाग असतील तर फक्त ब्लोअर वापरा, तोंडाने फुंकू नका. थुंकीचे थेंब धुळीपेक्षा चिवट असतात.

कॅमेरा वॉरंटीत असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्राबाहेर कोणालाही उघडू देऊ नका. वॉरंटी संपली असेल तर दुरुस्तीचा अंदाज आधी लेखी मागा, कारण किट लेन्सच्या बाबतीत तो आकडा कधी कधी वापरलेल्या दुसऱ्या लेन्सच्या किमतीच्या वर जातो आणि मग दुरुस्ती करण्यात अर्थ नसतो. जाताना वर्तमानपत्राचे फोटो मूळ कार्डवरच घेऊन जा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधे फोटो म्हणून पाठवले तर ते दाबून लहान होतात आणि शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओचे आकडेही पुसले जातात. पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.